‘तो माझा रूममेट नाही’

मराठी ऑफिसात खासगी आयुष्याला फारशा भिंती नसतात. डबा उघडला की भाजी कुणी केली इथून बोलणं सुरू होतं आणि सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत जातं. कुणाचं लग्न ठरलं की टीम केळवण करते, बाळ झालं की पेढे येतात, संक्रांतीला तिळगूळ आणि हळदी-कुंकू, दिवाळीत ‘सहकुटुंब यावे’ असं आमंत्रण. या सगळ्यात टीममधला समलिंगी सहकारीही असतो. तो वर्गणी देतो, भेटवस्तू आणायला स्वतः जातो आणि ‘आता तुझा नंबर कधी?’ या प्रश्नाला हसून ‘बघू’ म्हणतो.

हे ‘बघू’ निभावायला बरेच कष्ट पडतात. मोबाइलच्या लॉकस्क्रीनवर कुणाचा फोटो ठेवायचा नाही, गणपतीच्या सुट्टीत कोकणात कुणाबरोबर गेलो म्हणून सांगायचं, घरून काम करताना व्हिडिओ कॉलच्या मागे कोण दिसता कामा नये, फोन आला की उठून जिन्यात जायचं, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. शिवाय गेल्या वेळी काय सांगितलं होतं, तेही विसरून चालत नाही. असं वर्षानुवर्षं सांभाळलेलं कुणी एक दिवस उघड बोलतं, तेव्हा त्यामागे बहुतेकदा एखादी साधी, तातडीची गरज असते.

एक प्रसंग घेऊ. तो कल्पित आहे, पण त्यातला एकेक तुकडा कुठल्याही ऑफिसात घडण्यासारखा आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत रिलीजचा आठवडा चालू आहे. पाच वर्षं त्याच टीममध्ये असलेला एक जण शेजारच्या डेस्कवरच्या सहकारी बाईंना चहाला बाहेर बोलावतो. टपरीवर गर्दी आहे, म्हणून दोघं कप घेऊन पार्किंगच्या कडेला जातात.

‘तीन-चार दिवस माझं काम बघशील? रिलीज आहे माहितीये, पण मला दवाखान्यात थांबावं लागणार आहे.’

‘अरे, काय झालं? आई बऱ्या आहेत ना?’

‘आई बरी आहे. तो ॲडमिट आहे. मी रूममेट म्हणतो ना, तो. गाडीवरून पडला. आणि... तो माझा रूममेट नाही गं. पार्टनर आहे. चार वर्षं झाली.’

यानंतरच्या अर्ध्या मिनिटात बाईंच्या तोंडून काय निघतं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. त्यांना समलैंगिकतेबद्दल पुस्तकी माहिती असण्याची गरज नाही. त्या म्हणतात, ‘बरं झालं सांगितलंस. तो कसा आहे आता? रिलीजचं मी बघते, तू जा.’ आणि कप ठेवता ठेवता विचारतात, ‘हे ऑफिसात आणखी कुणाला माहितीये का? कुणी विचारलं तर मी काय सांगू?’

त्यांनी कोणतं भाषण केलं नाही. ‘मला काही फरक पडत नाही’ असंही म्हटलं नाही. हे वाक्य चांगल्या हेतूनं पुष्कळ जण म्हणतात, पण समोरच्यानं चार वर्षांचं मन मोकळं केल्यावर ते थोडं कोरडं लागतं. बाईंनी सांगितल्याची पोच दिली आणि लगेच आजारी माणसाची चौकशी केली. एखाद्याचा नवरा किंवा बायको दवाखान्यात असती तर हीच चौकशी आधी झाली असती. रिलीजचा प्रश्न त्यांनी सोडवला, कारण मागणी तीच होती. शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यात मोलाचा होता. ही माहिती कुणापर्यंत जायची हे सांगणारा ठरवेल, हे त्यांनी त्यातून मान्य केलं.

आता त्याच जागी त्यांनी जे विचारलं नाही, तिकडे वळू. असे प्रश्न ऑफिसांत सर्रास विचारले जातात आणि विचारणारी माणसं वाईट असतात असं नाही. कुतूहल असतं, आपण मोकळे आहोत हे दाखवायची घाई असते, काही वेळा नुसतीच गडबड उडालेली असते.

पहिला गट खात्री करून घेणाऱ्या प्रश्नांचा. ‘नक्की ना?’, ‘एखाद्या मुलीचा वाईट अनुभव आला होता का?’, ‘लहानपणी काही झालं होतं का?’, ‘डॉक्टरांना दाखवलंस?’ हा माणूस तिशीत आहे, चार वर्षं एका जोडीदाराबरोबर राहतो आहे. ‘नक्की ना?’ हा प्रश्न त्यानं स्वतःला शाळेत असल्यापासून हजारदा विचारलेला असतो. डॉक्टरांचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये हा मनोविकार नसल्याचं स्पष्टपणे सांगितलं. लैंगिक कल बदलून देण्याचे तथाकथित उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे ‘माझ्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत’ ही मदत नव्हे.

दुसरा गट शरीराचा आणि शय्येचा. ‘तुमच्यात नवरा कोण, बायको कोण?’ हा त्यातला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रश्न. नुकतंच लग्न झालेल्या सहकाऱ्याला पलंगावरचे तपशील कुणी कॅन्टीनमध्ये विचारत नाही. इथे ते विचारावेसे वाटतात, कारण ‘समलिंगी’ हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संसार येत नाही, फक्त संभोग येतो. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्या माणसाच्या डोक्यात मात्र प्लॅस्टर, विम्याचं कार्ड आणि रात्री दवाखान्यात कोण झोपणार, एवढंच चालू आहे.

तिसरा गट घरच्यांचा. ‘आई-बाबांना सांगितलंस? त्यांना काय वाटेल?’ यात काळजी असते, पण ऐकणाऱ्याच्या कानाला तो आरोप लागतो. शिवाय उत्तर ‘नाही’ असेल तर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं राहून त्याबद्दल काय बोलणार? घराचा विषय त्यानं काढला तर ऐकावं. आपण होऊन काढू नये.

चौथा गट दिसायला निरुपद्रवी, पण सगळ्यात धोक्याचा. ‘आपल्या ऑफिसात अजून कोण आहे रे?’ आणि ‘तो अकाउंट्समधला पण ना?’ याचं खरं उत्तर द्यायचं तर दुसऱ्याचं गुपित फोडावं लागतं. ‘माझ्या चुलतभावाचा एक मित्रही तसाच आहे, ओळख करून देऊ?’ हेही याच गटातलं. त्या मित्राला न विचारता त्याच्याबद्दल सांगून टाकलं, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ऐकणाऱ्याच्या मात्र येतं. आपल्याबद्दलही हे असंच कुठेतरी सांगितलं जाणार, हे त्याला कळून चुकतं.

कोणता प्रश्न चालेल हे ओळखायला एक सोपी पारख आहे. विवाहित सहकाऱ्याला हाच प्रश्न आपण विचारला असता का आणि उत्तर मिळाल्यानं आपल्या हातून त्याला काही मदत होणार आहे का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल विचारावं. ‘कुठल्या दवाखान्यात?’, ‘डबा पाठवू का?’, ‘रात्री थांबायला कुणी आहे का?’ या प्रश्नांना कुणाचीच हरकत नसते.

पुढची गोष्ट माहितीच्या प्रवासाची. आपल्याकडे ऑफिसातली बातमी ऑफिसात राहत नाही. एकाच गावची, एकाच शाळेतली, कुणाच्या तरी नात्यातली माणसं एकाच मजल्यावर काम करतात. टीम लीडनं घरी जेवताना बायकोला सहज सांगितलेली गोष्ट तिच्या मावशीमार्फत सांगलीत पोचायला वेळ लागत नाही. आणि तिथे पोचली की तिचे परिणाम ऑफिसातल्यापेक्षा फार वेगळे असतात. घाईनं स्थळ बघणं, घरी बोलावून फोन काढून घेणं, घरमालकाचा ‘खोली रिकामी करा’ असा निरोप. सांगणाऱ्याला कुणी त्रास द्यायचं ठरवलेलं नसतं. प्रत्येकानं ‘फक्त एकालाच’ सांगितलेलं असतं.

स्वतः सांगणं आणि दुसऱ्यानं सांगून टाकणं यांतलं अंतर किती मोठं असतं, हे मराठी वाचकाला डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या उदाहरणावरून कळायला हवं. नागपूरचे सिरस मराठीचे प्राध्यापक आणि कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या खासगी आयुष्याबद्दल विद्यापीठात काही जाहीर केलेलं नव्हतं. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसं त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसली आणि त्यांचं एका पुरुषासोबत चित्रीकरण केलं. विद्यापीठानं कारवाई केली ती सिरसांवर. गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केलं, घर सोडायला सांगितलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचे खासगीतले संमतीचे समलिंगी संबंध त्या वेळी गुन्हा मानले जात नव्हते. सिरस न्यायालयात गेले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला भाड्याच्या खोलीत त्यांचा मृतदेह सापडला.

इतकं टोक रोज गाठलं जात नाही. पण मुळाशी गोष्ट तीच असते. माहिती ज्याची, त्याच्या हातातून ती काढून घेतली जाते. कॅमेऱ्यानं ती काढून घेता येते, तशी व्हॉट्सॲपवरच्या ‘वुई आर प्राउड ऑफ यू’ या मेसेजनंही. हिंजवडीच्या आपल्या प्रसंगात बाईंनी दुसऱ्या दिवशी टीमच्या ग्रुपवर इंद्रधनुष्याचं चित्र टाकलं असतं तर हेतू प्रेमाचाच असता. पण त्यानं एका व्यक्तीला सांगितलं होतं. अठरा जणांच्या ग्रुपला सांगायचं त्यानं ठरवलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये ‘तो कुठे आहे?’ असं विचारल्यावर बाईंनी दिलेलं उत्तर नमुनेदार म्हणावं असं आहे. ‘घरचं कुणी दवाखान्यात आहे, शुक्रवारपर्यंत रजेवर आहे. त्याचं काम माझ्याकडे आहे.’ यात एकही शब्द खोटा नाही. चार वर्षांचा जोडीदार घरचाच असतो. हेच शब्द वापरायचे, हे दोघांनी आदल्या संध्याकाळी फोनवर ठरवून घेतलं होतं.

मॅनेजरची गोष्ट थोडी वेगळी, कारण त्याच्या हातात नियम असतात. रजेच्या अर्जात ‘कुटुंब’ म्हणजे पती-पत्नी, मुलं, आई-वडील असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमाही साधारण याच नात्यांना संरक्षण देतो. जोडीदाराचा समावेश करायचा तर कंपनीनं विमा कंपनीशी तसं ठरवावं लागतं आणि काही मोठ्या कंपन्यांनी ते केलंही आहे. कायद्याच्या बाजूनं बघितलं तर 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 च्या कक्षेतून संमतीचे समलिंगी संबंध वगळले. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाचा हक्क मान्य झाला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. एवढ्यावरून मॅनेजरला कळावं की आपल्यापुढे बसलेला माणूस ‘मला समजून घ्या’ म्हणायला आलेला नसतो. तो बऱ्याचदा चार दिवसांची रजा मागायला आलेला असतो.

मॅनेजर इथे दोन चुका करतात. एक म्हणजे ऐकल्या ऐकल्या एचआरला मेल टाकणं, ‘त्याला सपोर्ट मिळावा म्हणून’. मेल पुढे पाठवला जातो, त्यात चार जण सीसीत असतात आणि माहिती कायमची नोंदली जाते. रजेला जेवढं कारण लागतं तेवढंच लिहावं आणि आणखी काही लिहायचं तर आधी त्याला विचारावं. दुसरी चूक जूनमध्ये होते. कंपनीत प्राइड महिना साजरा करायचा असतो, वक्ता हवा असतो आणि मॅनेजरला हा माणूस आठवतो. दवाखान्यासाठी रजा मागायला सांगितलेली गोष्ट स्टेजवर बोलण्याची कबुली नसते. जो बोलायला तयार असेल तो स्वतः पुढे येतो.

ट्रान्स सहकाऱ्यांच्या बाबतीत एक मोठा फरक पडतो. समलिंगी माणूस निदान कुणाला सांगायचं ते निवडू शकतो. लिंगओळख बदलून कामावर यायचं तर गेटवरच्या सुरक्षारक्षकापासून सगळ्यांना कळतंच. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव पोलीस ठाण्यातले ललित साळवे यांचं उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. 2010 मध्ये ते महिला कॉन्स्टेबल म्हणून भरती झाले होते. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी एक महिन्याची रजा मागितली आणि ती नाकारली गेली. भरतीच्या वेळी पुरुष आणि स्त्री शिपायांसाठी शारीरिक निकष वेगळे असतात, मग नोकरीचं काय, असा खात्यापुढचा पेच होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. अखेर राज्य सरकारनं परवानगी दिली, मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि साळवे पुरुष कॉन्स्टेबल म्हणून त्याच नोकरीत राहिले.

या सगळ्या काळात वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर चर्चा झाली ती बहुतांशी त्यांच्या शरीराची. प्रश्न मुळात रजेचा आणि नोकरीचा होता. त्यांचं जुनं नाव या लेखात नाही, कारण वाचकाला ते कळल्यानं काहीही साधत नाही. ऑफिसातही हाच नियम ठेवावा. ‘आधीचं नाव काय होतं?’, ‘ऑपरेशन झालं का?’, ‘जुना फोटो दाखव ना’, हे तीन प्रश्न ट्रान्स सहकाऱ्याला कधीही विचारू नयेत. मराठीत तर ‘गेला’, ‘गेली’ प्रत्येक वाक्यात येतं, त्यामुळे सुरुवातीला जीभ चुकणारच. चुकली तर ‘सॉरी, आली’ एवढं म्हणून वाक्य पुढे न्यावं. दहा मिनिटं माफी मागत बसलं की उलट समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते.

नाव बदलाची कामंही नीट क्रमानं केली तर सोपी जातात. ओळखपत्र, ईमेलवर दिसणारं नाव, डेस्कवरची पाटी, फोनची यादी हे सगळं कंपनीच्या हातात असतं आणि ठरवलं तर एका दिवसात होतं. पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि पॅन सरकारी कागदपत्रांच्या मागून बदलतात, त्याला वेळ लागतो. गोंधळ होतो तो दुसऱ्या गटासाठी पहिला अडकवून ठेवल्यामुळे. ‘पॅनवर नाव बदलून आणा, मग ईमेल बदलू’ असं सांगणाऱ्या ऑफिसात त्या व्यक्तीला कित्येक महिने रोज सकाळी जुन्या नावानं लॉगिन करावं लागतं.

ट्रान्स कर्मचाऱ्यांना निदान कायद्याचा आधार आहे. 2019 च्या कायद्यानं नोकरीतला भेदभाव निषिद्ध ठरवला आणि आस्थापनांना तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. 2020 च्या नियमांत तर कर्मचाऱ्याची लिंगओळख गोपनीय ठेवण्याचाही उल्लेख आहे. तरीही उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या दोन खासगी शाळांमधली शिक्षिकेची नोकरी गमावलेल्या जेन कौशिक यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 17 ऑक्टोबर 2025 रोजी न्यायालयानं त्यांना भरपाई दिली आणि समान संधी धोरण आखण्यासाठी समिती नेमली. समलिंगी कर्मचाऱ्यांसाठी खासगी नोकरीत थेट लागू होईल असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त महिलांच्या तक्रारी घेतो. म्हणजे हिंजवडीतल्या त्या माणसाला कुणी जिन्यात गाठून टोमणे मारले तर त्याच्यापाशी कंपनीचं स्वतःचं धोरण आणि शेजारच्या डेस्कवरचा साक्षीदार, एवढंच उरतं. त्या साक्षीदाराचं मोल म्हणून मोठं आहे. कॅन्टीनमध्ये ‘तसला’ विनोद झाला की तो समलिंगी सहकारी गप्प बसतो, कारण बोललं तर ओळख उघड होते. इतरांनी ‘हे बरोबर नाही, विषय बदल’ म्हणायला काहीच खर्च येत नाही.

ज्यांना हे सगळं ऐकून खरोखर प्रश्न पडले असतील, त्यांनी ते दाबून टाकावेत असं कुणी म्हणत नाही. फक्त ते कुणापुढे मांडायचे हे बघावं. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे 2021 मध्ये मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींचं प्रकरण आलं. आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. मग त्यांनी मानसशास्त्रज्ञ बाईंकडे रीतसर वेळ घेऊन आपल्या शंका मांडल्या, समुदायातल्या माणसांशी बोलले आणि 7 जूनला निकाल दिला. शिकायचा भार त्यांनी त्या दोन मुलींवर टाकला नाही. महाराष्ट्रात अशा शंका घेऊन जायला जागा आहेत. मुंबईत 1994 पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तकंही लिहिली आहेत.

पुढच्या सोमवारी तो कामावर परत येतो. पाहिलं तर काहीच बदललेलं नाही आणि तेच त्याला हवं असतं. बाई त्याला पूर्वीसारखंच बग्ज न तपासल्याबद्दल झापतात. डब्यातली भाजी वाटून घेतात. निघताना मात्र ‘प्लॅस्टर कधी काढणार त्याचं?’ असं विचारतात, आसपास कुणी नसताना. याच्या उलट घडलं असतं तर तेही ओळखता येतं. माणूस जेवायला वेगळा बसू लागतो, सुट्टीबद्दल बोलणं पूर्णपणे थांबवतो, विनाकारण दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागतो. असं दिसलं तर ‘काय झालं?’ असा तपास करू नये. ‘माझ्याकडून काही चुकलं का? कुणाकडून काही कानावर आलं का?’ असं एकांतात विचारावं आणि उत्तर मिळालं नाही तर पुन्हा मागे लागू नये.

वाचकांतल्या काहींना अशी गोष्ट कधीतरी कुणी सांगितली असेल. तिचा उल्लेख तुम्ही आणखी कुणाजवळ केला असेल, अगदी चांगल्या मनानं, घरच्या माणसाजवळही, तर त्या सहकाऱ्याला स्वतःहून सांगा: कुणाला सांगितलं, कधी आणि नेमकं काय. ते ऐकून तो चिडेल. पण बातमी गावी पोचण्याआधी, आईला काय सांगायचं आणि कधी, हे ठरवायला त्याला वेळ मिळेल.